गणवेश, स्प्लिंट आणि बुटांची परवानगी: एका पालकाच्या पत्राचं प्रकरण

मी लहान मुलांसाठी काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. खालचं प्रकरण एका कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय गोष्टी, पत्रातल्या मागण्या आणि निर्णय मात्र जसे झाले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी तिसरीत होती. तिला सौम्य सेरेब्रल पाल्सी आहे आणि तिचा परिणाम शरीराच्या उजव्या बाजूवर झालेला आहे. बुद्धीने चुणचुणीत, बोलण्यात चटपटीत, आणि चालताना पाहिलं तर सहज लक्षात येणार नाही इतपतच लंगडणारी. उजव्या पोटरीचे स्नायू ताठर असल्यामुळे पाऊल टेकताना टाच आधी टेकत नसे, चवडा टेके. दमली की पाऊल फरपटे आणि बुटाचं टोक जमिनीला अडके. पायऱ्या उतरताना तिच्या पडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असायचं.

यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांनी तिला एएफओ सांगितला. पालक आणि मुलं त्याला सरळ ‘स्प्लिंट’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पायाचं माप घेऊन बनवलेला हा पातळ पण कडक प्लास्टिकचा साचा असतो. तळपायाखालून निघून टाचेमागून तो गुडघ्याच्या थोडा खाली येतो आणि घोटा काटकोनात धरून ठेवतो. त्यामुळे चवडा खाली लोंबत नाही, टाच आधी टेकते आणि पोटरीचा ताण दिवसभर थोडा थोडा निघत राहतो.

स्प्लिंट एकटा मात्र काम करत नाही. त्याचा तळ गुळगुळीत असतो, नुसता घालून फरशीवर चाललं तर मूल घसरतं. पाऊल स्प्लिंटमध्ये टाचेपर्यंत नीट बसलेलं राहावं, ते आतून वर सरकू नये, यासाठी त्यावर घट्ट बसणारा बूट लागतो. त्या बुटाची टाच किती उंच आहे यालाही फार महत्त्व आहे. स्प्लिंटने घोटा पक्का धरलेला असल्यामुळे टाच उंच झाली की नडगी पुढे झुकते आणि मूल गुडघा वाकवून चालायला लागतं. टाच फार बसकी असली तर नडगी मागे ढकलली जाते आणि गुडघा उलटा ताणला जातो. म्हणून ऑर्थोटिस्ट, म्हणजे स्प्लिंट बनवणारे तंत्रज्ञ, मुलाचा बूट समोर ठेवूनच शेवटची जुळवणी करतात. दुसरा बूट घातला की ती जुळवणी बिघडते.

या मुलीसाठी घेतलेले बूट आतून खोल होते, आतली गादी काढता येत होती, टाचेची मागची बाजू कडक होती आणि तोंड पार चवड्यापर्यंत उघडून वर दोन वेल्क्रो पट्टे होते. तळव्याचं टोक किंचित वर वळलेलं होतं, म्हणजे घोटा न हलताही पाऊल पुढे लोळत जातं. रंग होता निळा, बाजूने पांढरी पट्टी. त्या मापात दुकानात तेवढाच रंग मिळाला होता.

शाळेचा नियम होता काळे, चामड्याचे, लेसचे बूट आणि घोट्याच्या वर येणारे आखूड मोजे.

अडचण

आईने मुख्याध्यापिकांना पत्र लिहिलं. ते मी नंतर पाहिलं. मजकूर एवढाच होता:

“माझ्या मुलीच्या पायाला त्रास आहे. डॉक्टरांनी तिला ऑर्थोपेडिक बूट वापरायला सांगितले आहेत. तरी गणवेशाच्या बुटांऐवजी तिला स्पोर्ट्स शूज घालण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.”

सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत होती. डॉक्टरांनी ती ऑर्थोटिस्टसाठी लिहिलेली होती, त्यामुळे त्यात दोन संक्षेप, एक बाण आणि सही याखेरीज शाळेला कळेल असं काहीच नव्हतं. डायरीतून उत्तर आलं की गणवेशाचे नियम सर्वांना सारखे आहेत आणि स्पोर्ट्स शूजना परवानगी देता येणार नाही.

आई दुखावली. स्वाभाविक होतं. पण ते पत्र मुख्याध्यापिकांच्या टेबलावरून वाचून पाहा. त्यात स्प्लिंटचा उल्लेखच नाही. पायाचा त्रास म्हणजे टाचदुखी असू शकते, सपाट पाय असू शकतात, नवे बूट चावत असतील. स्पोर्ट्स शूज मागणारी पत्रं त्या शाळेत दरवर्षी येत. भारी बुटांवरून मुलांमध्ये चढाओढ सुरू झाल्यामुळेच बुटांचा नियम कडक केला होता. आईची विनंती त्याच ढिगात जाऊन बसली. पत्रात खोटं काही नव्हतं, पण ज्या एका गोष्टीवर निर्णय फिरला असता तीच त्यात आली नव्हती.

पुढचे काही आठवडे मुलगी शाळेत गणवेशाचे बूट घालून, स्प्लिंटशिवाय गेली. स्प्लिंट फक्त घरी, संध्याकाळी. माझ्याकडे तपासणीला आली तेव्हा उजवी पोटरी आधीपेक्षा ताठर लागली. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर उचललं की आधी ते काटकोनाच्या थोडं पुढे येत असे, आता जेमतेम काटकोनापर्यंत येत होतं. उंची वाढण्याच्या काळात हाड लवकर वाढतं आणि ताठर स्नायू मागे पडतो, त्यामुळे सगळा दोष बुटांवर टाकणं बरोबर ठरलं नसतं. पण शाळेच्या जिन्यात ती एकदा पडली होती, आणि दुपारनंतर ती खेळायला जात नाही असं वर्गशिक्षिकांनी आईला सांगितलं होतं. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “ताई, पाय जड होतो मग मी बाकावर बसते.”

कोणते पर्याय पाहिले

आईची पहिली इच्छा होती की शाळेशी वाद नको, गणवेशाच्याच बुटात स्प्लिंट बसवून पाहू. ते करून पाहिलं. नेहमीच्या मापाच्या बुटात स्प्लिंट शिरतच नव्हता, कारण लेसच्या त्या बुटाची जीभ पुढच्या बाजूला शिवून बंद केलेली होती आणि तोंड पुरेसं उघडत नव्हतं. दोन मापं मोठा बूट घेतला तेव्हा स्प्लिंट आत गेला, पण बुटाचं टोक इतकं पुढे गेलं की अडखळणं वाढलं. डावा पायही त्या मोठ्या बुटात सरकू लागला. शिवाय त्या बुटाला वेगळी, उंच, कडक टाच होती. ती घालून मुलगी चालली तेव्हा उजवा गुडघा प्रत्येक पावलाला वाकलेला दिसत होता. इथे तो पर्याय संपला.

बूट कापून, तोंड वाढवून, वेल्क्रो लावून घेता येईल का, हे ऑर्थोटिस्टना विचारलं. तोंड वाढवता येईल, पण टाच आणि तळवा बदलायचा तर जवळजवळ नवा बूटच करावा लागेल, असं ते म्हणाले. ज्यांच्या शाळेचे बूट बसक्या टाचेचे आणि मऊ तळव्याचे असतात त्यांना हा मार्ग चालू शकतो. म्हणून तो आधी विचारून घ्यावा.

तिसरा पर्याय घरातल्या मोठ्यांनी सुचवला. शाळेत साधे बूट, घरी स्प्लिंट, म्हणजे कुणाला काही सांगायला नको. यामागे मुलीला कुणी नावं ठेवू नयेत ही काळजी होती आणि मी ती गंभीरपणे घेतली. पण तिचं दिवसभरातलं बहुतेक चालणं, जिने आणि पळापळ शाळेतच होत होती. संध्याकाळी बसून अभ्यास करताना घातलेला स्प्लिंट पोटरीला थोडा ताण देतो, तिचं चालणं मात्र सुधारत नाही. यावर माझं मत मी स्पष्ट सांगितलं.

उरला मार्ग शाळेकडे पुन्हा जाण्याचा. आईला वाटत होतं की आता वरच्या संस्थेकडे तक्रारच करावी. मी तिला थांबवलं, कारण मुख्याध्यापिकांनी आतापर्यंत स्प्लिंटला नकार दिलेलाच नव्हता, त्यांनी स्पोर्ट्स शूजना नकार दिला होता. खरी विनंती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. ती पोचवून नकार आला असता तर तक्रारीचा रस्ता उघडाच होता.

पत्रात काय लिहायचं, काय नाही

या टप्प्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला.

पहिला प्रश्न निदानाचा होता. ‘सेरेब्रल पाल्सी’ हे शब्द पत्रात यावेत का? आईला ते नको होते. शाळेच्या फाइलमधला कागद कुणाकुणाच्या हाती जाईल याची तिला खात्री नव्हती. मला तिचं म्हणणं पटलं, कारण बुटांच्या परवानगीसाठी शाळेला आजाराचं नाव कळण्याची गरज नसते. मूल काय करू शकत नाही, कोणत्या साधनाने ते करू शकतं आणि ते साधन किती वेळ लागतं, एवढं कळलं की पुरतं. म्हणून डॉक्टरांकडून वेगळं प्रमाणपत्र मागितलं आणि त्यात काय हवं ते आधीच कागदावर लिहून नेलं: उजव्या पायाला स्प्लिंट आवश्यक, शाळेच्या पूर्ण वेळात घालणं आवश्यक, योग्य बुटाशिवाय चालणं असुरक्षित, पुढची तपासणी कोणत्या महिन्यात. डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे लिहून दिलं.

दुसरा प्रश्न मागणीच्या आकाराचा. ‘हे बूट घालू द्या’ असं म्हटलं की मुख्याध्यापिकांपुढे हो किंवा नाही एवढंच उरतं. म्हणून बुटाच्या गोष्टी दोन भागांत वेगळ्या केल्या. खोली, उघडणारं तोंड, वेल्क्रो, कडक टाच आणि टाचेची उंची उपचाराचा भाग आहेत, त्यात बदल होऊ शकत नाही. रंग, पट्टी, चकाकी हा दिसण्याचा भाग आहे, आणि तिथे कुटुंब शाळेच्या नियमाच्या जितकं जवळ येता येईल तितकं यायला तयार आहे. माझ्या मते या पत्राचं बळ याच विभागणीत होतं. नियम का आहे हे पालकाला समजतं, हे त्यातून शाळेला दिसतं आणि तडजोड कुठे शक्य आहे हेही कळतं.

तिसरी गोष्ट मोज्यांची. ती आईच्याही लक्षात आली नव्हती. स्प्लिंटची वरची कड पोटरीवर घासते. शाळेचे आखूड मोजे त्या कडेच्या खाली संपत होते, म्हणजे प्लास्टिक थेट कातडीवर. म्हणून आतून लांब, सुरकुत्या न पडणारा सुती मोजा लागतो, जो स्प्लिंटच्या कडेच्या वर येतो. गणवेशात मोजेही येतात, तेव्हा त्यांची परवानगी वेगळी मागायला हवी होती.

शेवटी पाठवलेलं पत्र असं होतं:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका
>
> विषय: वैद्यकीय स्प्लिंटसोबत घालायच्या बुटांना व मोज्यांना गणवेशात परवानगी मिळण्याबाबत
>
> महोदया,
>
> माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकते. तिच्या उजव्या पायाचा घोटा चालताना स्थिर राहत नाही व पाऊल जमिनीला अडकते. यासाठी डॉक्टरांनी तिला घोट्याचा स्प्लिंट दिला असून तो शाळेच्या पूर्ण वेळात घालणे आवश्यक आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
>
> यापूर्वीच्या पत्रात मी स्पोर्ट्स शूजची परवानगी मागितली होती. त्या पत्रात स्प्लिंटची माहिती आली नव्हती, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.
>
> हा स्प्लिंट गणवेशाच्या बुटात बसत नाही. मोठ्या मापाचा बूट वापरून पाहिला, परंतु त्यात ती अडखळते. स्प्लिंटसाठी आतून खोल, पुढपर्यंत उघडणारा, वेल्क्रोचा, कडक मागची बाजू व ठरावीक उंचीची टाच असलेला बूट लागतो. या गोष्टी उपचाराचा भाग असल्याने त्या बदलता येत नाहीत. बुटाच्या रंगाबाबत मात्र शाळेचा नियम पाळण्याची आमची तयारी आहे. सध्याचा जोड निळ्या रंगाचा आहे. तो लहान होईपर्यंत वापरू द्यावा. पुढील जोड काळ्या रंगाचा घेऊ.
>
> माझी विनंती अशी आहे:
> १. तिला शाळेत स्प्लिंट व त्यासोबतचे बूट दोन्ही पायांत घालण्याची परवानगी द्यावी.
> २. स्प्लिंटच्या आत लांब सुती मोजा घालू द्यावा. त्याचा रंग गणवेशाप्रमाणे ठेवू.
> ३. परवानगी विशिष्ट जोडापुरती न ठेवता पुढील वैद्यकीय तपासणीपर्यंत द्यावी, कारण पाय वाढल्यावर जोड बदलावा लागेल. तपासणीनंतर नवीन प्रमाणपत्र सादर करीन.
> ४. पाय दुखल्यास तिला बसून स्प्लिंट काढू द्यावा व मला कळवावे.
>
> तिच्या पायाविषयीची माहिती संबंधित शिक्षकांपुरतीच ठेवावी, ही नम्र विनंती. प्रत्यक्ष भेटून बूट व स्प्लिंट दाखवण्यास मी केव्हाही येऊ शकते.
>
> आपली विश्वासू,
> (सही व दूरध्वनी)

आधीच्या पत्राचा उल्लेख असावा की नसावा यावर आमची चर्चा झाली. न केला असता तर नकार मिळाल्यावर पालकांनी कारण बदललं असं वाटण्याची शक्यता होती. केला, पण नकाराबद्दल एक शब्दही तक्रारीचा लिहिला नाही.

मुख्याध्यापिकांचा निर्णय

पत्र पोचल्यावर त्यांनी आईला भेटायला बोलावलं. आईने स्प्लिंट आणि दोन्ही बूट पिशवीतून नेले होते. गणवेशाच्या बुटात स्प्लिंट घालून दाखवला, तो अर्ध्यातच अडकला. आई म्हणाली, “बाईंनी स्वतः हातात घेऊन घालून पाहिला, मग पुढे काही समजावावंच लागलं नाही.”

त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. उद्या इतर पालक हेच मागायला लागले तर मी काय सांगू? आणि तिला मैदानावर काही झालं तर? पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रमाणपत्रातच होतं. जो कुणी तसंच प्रमाणपत्र आणेल त्याची विनंतीही तशीच तपासावी, नियम मोडल्यासारखं काही होत नाही. दुसऱ्याचं उत्तर मी फोनवर दिलं: स्प्लिंट घालून तिने धावावं, खेळावं, फक्त दमल्यावर बसू द्यावं. स्प्लिंटमुळे पडण्याचा धोका वाढेल अशी त्यांची समजूत होती. ती काढणं गरजेचं होतं, नाहीतर परवानगी मिळूनही मुलगी खेळाच्या तासाला कडेला बसली असती.

लेखी परवानगी मिळाली. त्यात त्यांनी स्वतःहून एक गोष्ट जोडली की वर्गशिक्षिकांनी हजेरीपटात नोंद ठेवावी, म्हणजे बदली शिक्षक आले तरी मुलीला कुणी विचारणार नाही.

वर्गात काय सांगायचं, हे मुलीला विचारून ठरवलं. बाईंनी सगळ्यांसमोर बोलावं असं तिला नको होतं. कुणी विचारलं तर सांगायचं वाक्य तिने स्वतः निवडलं: “माझ्या पायाला आधार लागतो, म्हणून हे बूट.” ते पुरलं. पहिल्या काही दिवसांत बऱ्याच मुलांनी विचारलं, मग कुणाला त्याचं नवल राहिलं नाही.

अंमलबजावणी आणि मध्येच आलेला खोडा

स्प्लिंट पहिल्याच दिवशी शाळाभर घालायचा नसतो. इतके आठवडे तो फक्त संध्याकाळी घातला होता, त्यामुळे कातडीला पुन्हा सवय लावावी लागली. सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंत, मग हळूहळू पूर्ण वेळ. रोज घरी आल्यावर आई स्प्लिंट काढून टाच, घोट्याची दोन्ही हाडं आणि पावलाची आतली बाजू पाहायची. स्प्लिंटखाली थोडी लाली येणं चालतं, पण ती वीस ते तीस मिनिटांत गेली पाहिजे. त्यापुढेही राहिली, किंवा फोड आला, तर स्प्लिंट त्या जागी दाबतो आहे असं समजून वापर थांबवायचा आणि ऑर्थोटिस्टकडे जायचं. घोट्याच्या आतल्या हाडावर अशी लाली टिकून राहिली होती. ऑर्थोटिस्टनी तिथलं प्लास्टिक गरम करून थोडं बाहेर काढलं आणि प्रश्न मिटला.

शाळेसाठी एकच सूचना दिली होती. ती अचानक जास्त लंगडायला लागली, बूट काढून बसू लागली किंवा चालायचं टाळू लागली तर पाय दुखतो आहे असं समजून आईला फोन करावा. मुलं दुखतं असं पटकन सांगत नाहीत, विशेषतः परवानगी मिळवायला घरच्यांना किती धडपड करावी लागली हे त्यांनी पाहिलं असेल तर.

खोडा आला कवायतीच्या दिवशी. त्या दिवसाचा गणवेश वेगळा होता, पांढरे कॅनव्हास बूट. परवानगीच्या पत्रात ‘गणवेशाचे बूट’ एवढंच होतं आणि कवायतीच्या सरांनी त्याचा अर्थ रोजचे काळे बूट असा घेतला. त्यांनी मुलीला बूट काढून अनवाणी उभं राहायला सांगितलं. तिने बुटासोबत स्प्लिंटही काढला, कारण नुसत्या स्प्लिंटवर घसरायला होतं हे तिला माहीत होतं. नंतर वर्गशिक्षिकांच्या लक्षात आलं. सरांचा हेतू वाईट नव्हता, त्यांच्यापर्यंत कागद पोचला नव्हता, आणि पोचला असता तरी त्यात कवायतीचा उल्लेख नव्हता.

आईने दोन ओळींचं पुरवणी पत्र दिलं: परवानगी रोजच्या, खेळाच्या व कार्यक्रमांच्या सर्व गणवेशांना लागू असावी, आणि जिथे बूट बाहेर काढावे लागतात अशा खोल्यांमध्येही तिला बूट पुसून आत येऊ द्यावं. ही दुसरी मागणी संगणकाच्या खोलीमुळे सुचली. तिथे सगळे बूट काढून जात आणि ती भिंत धरून चालत असे. मुख्याध्यापिकांनी त्याच दिवशी होकार दिला.

परिणाम

वर्षाअखेरीच्या तपासणीत पाऊल पुन्हा काटकोनाच्या पुढे वर येत होतं. रोजचे ताणाचे व्यायामही या काळात नियमित झाले, त्यामुळे श्रेय एकट्या स्प्लिंटचं नाही. जिन्यात पडल्याची नोंद नंतर झाली नाही. वर्गशिक्षिकांनी सांगितलेली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: दुपारच्या खेळाच्या तासाला ती पुन्हा मैदानात दिसू लागली.

निळे बूट वर्ष संपण्याआधीच लहान झाले. काळा जोड मिळवायला वेळ लागला, कारण त्या खोलीचा आणि त्या टाचेचा काळा बूट लहान मुलांच्या मापात सहज मिळत नाही. मागवून घ्यावा लागला. मधल्या काळात घट्ट बूट घालायचा की दुसऱ्या रंगाचा, असा प्रश्न आला आणि परवानगी जोडापुरती न मागितल्यामुळे तो लगेच सुटला. तात्पुरता राखाडी जोड कुणी अडवला नाही. नव्या जोडाची टाच आधीच्या बुटाएवढीच आहे ना, हे मात्र ऑर्थोटिस्टकडून तपासून घेतलं. ते न विसरणं आवश्यक आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठा वेळ वाया गेला तो पहिल्या नकारापासून दुसऱ्या पत्रापर्यंत. तो टाळता आला असता, जर स्प्लिंटचं माप घेतलं त्याच दिवशी आईच्या हातात शाळेसाठीचं प्रमाणपत्रही पडलं असतं. माप घेतल्यापासून स्प्लिंट तयार होईपर्यंत मध्ये काही काळ जातोच, त्या काळात शाळेशी बोलणं पूर्ण होऊ शकतं. बूट विकत घेण्याआधी शाळेला रंग विचारला असता तर काळा जोड तेव्हाच मागवता आला असता, आणि पत्रात सवलत मागण्याची एक जागा कमी झाली असती.

मुख्याध्यापिकांच्या बाजूनेही एक गोष्ट सोपी होती. पहिलं पत्र अपुरं होतं हे खरं, पण त्यात डॉक्टरांचा उल्लेख होता. नकाराऐवजी “बुटातली कोणती गोष्ट उपचारासाठी लागते ते डॉक्टरांकडून लिहून आणावं” एवढं डायरीत लिहिलं असतं तरी मुलीचे ते आठवडे वाचले असते. त्या शाळेने आता गणवेशातल्या वैद्यकीय सवलतीसाठी एक छोटा अर्ज केला आहे. कोणतं साधन, किती वेळ, कोणकोणत्या गणवेशासोबत, पुढची तपासणी कधी, आणि कोणत्या शिक्षकांना कळवायचं, एवढेच रकाने आहेत. आजाराच्या नावाचा रकाना नाही.

पत्राबद्दल मी आज एकच बदल सुचवेन. कवायत, खेळ, सहल, परीक्षा आणि बूट काढायच्या खोल्या, अशी मुलाच्या शाळेच्या आठवड्याची उजळणी करून मगच पत्र लिहावं. ही उजळणी मुलासोबत बसून करावी, कारण कुठे बूट काढावे लागतात, कुठल्या जिन्याला कठडा नाही, कुठल्या तासाला वेगळे बूट लागतात, हे पालकांपेक्षा त्यालाच नक्की माहीत असतं. संगणकाच्या खोलीबद्दल आम्हाला मुलीनेच सांगितलं, पण ते आम्ही विचारल्यावर.

आता ती चौथीत जाते. नवे वर्गशिक्षक, दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, आणि तपासणीनंतरचं नवं प्रमाणपत्र. स्प्लिंटही लहान होत आला आहे, नवं माप घ्यावं लागेल, आणि त्याची जाडी थोडी बदलली तर बुटाची खोली पुन्हा पाहावी लागेल. आईने शाळा सुरू होण्याच्या आधीच भेटीची वेळ मागून ठेवली आहे.